‘येस’ म्हणालं तरी चुकतं, ते का

“तोंडी परीक्षेत ‘यू हॅवन्ट फिनिश्ड, हॅव यू?’ असं विचारलं. काम झालं नव्हतं, म्हणून मुलगी ‘येस’ म्हणाली. चूक कशी?”

मराठीत ‘तुझं झालं नाही ना?’ असं कुणी विचारलं की आपण ‘हो, नाही झालं’ म्हणतो. तो ‘हो’ समोरच्याच्या म्हणण्याला असतो. इंग्रजीत येस-नो आपल्याच उत्तराच्या क्रियापदाला बांधलेलं असतं. झालं नसेल तर ‘नो, आय हॅवन्ट’, झालं असेल तर ‘येस, आय हॅव’. नुसतं ‘येस’ ऐकून परीक्षकांना वाटणार, काम झालं.

वाक्याच्या शेवटी जोडलेला ‘हॅव यू?’ हा छोटा प्रश्न म्हणजे टॅग. त्याच्या सुराने हे उत्तर बदलत नाही, विचारणाऱ्याची खात्री तेवढी कळते. ‘हॅव यू’वर सूर खाली आला तर त्यांना बहुतेक माहीतच आहे, दुजोरा हवाय. वर गेला तर ते खरंच विचारतायत. ‘हॅव यू’ तेच राहतं, म्हणून लेखी पेपरात हा फरक दिसत नाही.

माझ्याकडे येणारी मुलं मात्र दुसरीकडेच अडकतात. उत्तर बरोबर देतात, पण ‘हॅवन्ट’वर आवाज वर नेतात. मग ते ‘नाही झालं... बरोबर ना?’ असं ऐकू येतं. तिथे सूर खालीच हवा. होकारात ‘हॅव’ पूर्ण उच्चारा. ‘येस, आयव्ह’ असं तोडून चालत नाही. रोज जेवताना मुलीला एकच वाक्य दोन्ही सुरांत विचारा आणि आधी फक्त ‘खात्री’ की ‘प्रश्न’ एवढंच ओळखायला सांगा.