मदत हवी आहे: समूहगीताच्या ध्रुपदात विठ्ठलाचं नाव ठेवावं का?

नमस्कार मंडळी. आमचं गाव गंगाखेड तालुक्यात, जनाबाईच्या मुलखात. पुढच्या महिन्यात वाचनालयाच्या नव्या खोलीचं उद्घाटन आहे आणि गाणं मी लिहिलंय. समोर वारकरी, लिंगायत, महानुभाव, बौद्ध, मुसलमान सगळेच बसणार.

ध्रुपद होतं, 'विठूविण देव नाही'. तालमीत एक लिंगायत काका टाळ खाली ठेवून म्हणाले, "बाळा, तुझा विठोबा मला परका नाही, त्याच्या माथ्यावर शिवलिंग आहे म्हणतात. पण 'नाही' हा शब्द माझ्या तोंडी देऊ नको." मला ते मनापासून पटलं. स्तुतीनं कुणी दुखावलं नव्हतं, दुसऱ्याचा देव नाकारल्यानं दुखावलं होतं. मग मी ओळ बदलली, 'विठू माझा मायबाप'. अक्षरं आठच राहिली, चालही मोडली नाही.

तरी अडचण उरतेच. ध्रुपद सगळ्यांनी म्हणायचंय. बौद्ध बांधवांनी बावीस प्रतिज्ञा घेतल्यात, महानुभाव परमेश्वराखेरीज देवतांना भजत नाहीत. ऐकायला ते आनंदानं बसतील, पण म्हणायला लावणं वेगळं. गप्प बसलेला माणूस सभेत लगेच उठून दिसतो, त्याचंच मला वाईट वाटतं.

म्हणून ध्रुपद 'गाव माझा मायबाप' करून विठ्ठल फक्त अंतऱ्यात, भजनी मंडळाच्या तोंडी ठेवावा म्हणतोय. असं कुणी केलंय का? वारकऱ्यांना नाव मागे ढकललंसं वाटलं का? आणि शेवटचा 'पुंडलिक वरदे'चा गजर ठेवावा की त्या दिवशी राहू द्यावा?