मदत हवी आहे: सूर्याचा गाभा दीड कोटी अंशच, मग प्रोटॉन एकमेकांना भिडतात कसे?

औसेकर_मास्तर
नमस्कार मंडळी. औशाजवळ बारावीला फिजिक्स शिकवतो. एका पोरीनं वर्गात विचारलं, "सर, दोन्ही प्रोटॉन धन, मग सूर्यात ते जवळ येतातच कसे?" मी फळ्यावर हिशेब मांडला आणि स्वतःच अडकलो.

दोन प्रोटॉन एक फेम्टोमीटरवर आणायला सुमारे १४४० किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. गाभ्याचं तापमान दीड कोटी केल्विन, म्हणजे उष्णतेनं कणाला मिळणारी ऊर्जा, kT, फक्त १.३ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. नुसत्या उष्णतेनं हे जमवायचं तर तापमान हजार कोटींच्या पुढं पाहिजे. चुकूनमाकून एखादा फार वेगाचा प्रोटॉन सापडेल म्हणावं, तर त्याची शक्यता दशांशचिन्हानंतर चारशेहून जास्त शून्यं. अख्ख्या सूर्यात प्रोटॉन एकावर ५७ शून्यं एवढेच!

उत्तर टनेलिंग, म्हणजे ऊर्जा कमी असूनही भिंतीतून आरपार जाणं, हे माहीत आहे. पण १.३ घालून टनेलिंगची शक्यता काढली, तर अब्जात साडेतीन येते. आणि पुस्तकात लिहिलंय की सूर्यात काम ६ किलो-इलेक्ट्रॉनव्होल्टच्या आसपासचे प्रोटॉन करतात. हे ६ आलं कुठून?

नीट_लातूर
सर हे नीटला येतं का?

तेरणाकाठ
सोपं आहे. अनिश्चिततेच्या नियमानं प्रोटॉन थोडा वेळ ऊर्जा उसनी घेतो, भिंत ओलांडतो आणि परत करतो. असं क्वचित घडतं म्हणूनच सूर्य एवढा हळू जळतो.

गोदाकाठचा_म्हातारा
तेरणाकाठ, अर्धं बरोबर. पण उसनवारीची गोष्ट पोरांना सांगू नका, ती नंतर डोक्यातून निघत नाही. ऊर्जा कुठंच वाढत नाही. ६ ऊर्जेचा प्रोटॉन २४० फेम्टोमीटरवर थांबायला हवा (१४४० भागिले ६), पण त्याची लहर तिथं एकदम संपत नाही, आत विरत जाते. आतल्या टोकाशी जो अंश उरतो, तीच शक्यता.

आता मास्तर, तुमचं ६. तुम्ही सरासरी प्रोटॉन पकडला, चूक तिथं झाली. दोन गोष्टींचा गुणाकार करायचा: तेवढ्या ऊर्जेचे प्रोटॉन किती, आणि त्यांना आरपार जायची संधी किती. बाकीचे गुणक सोडले तर

```
exp(-E/1.3) * exp(-sqrt(493/E))
```

E ला 1.3 द्या. प्रोटॉन भरपूर, पण आरपार जाणारे नगण्य. उत्तर अब्जात एक-सव्वा. E ला 20 द्या. संधी हजारात सात झाली, पण एवढे वेगवान प्रोटॉनच नाहीत; पुन्हा अब्जात दीडच्या आत. E ला 6 द्या. असे प्रोटॉन शंभरात एक, संधी दहा हजारांत एक, गुणाकार दहा लाखांत एकच्या वर. म्हणजे सरासरीवाल्यापेक्षा जवळपास नऊशे पट. एक बाजू घसरते, दुसरी चढते, मधे टेकडी उभी राहते. ती गॅमोची टेकडी. गॅमोनं १९२८ साली अल्फा कण अणुकेंद्रातून बाहेर कसा पडतो ते या गणितानं सांगितलं. पुढच्याच वर्षी अ‍ॅटकिन्सन आणि हाउटरमान्स यांनी तेच गणित उलटं, आत शिरण्यासाठी, ताऱ्यांना लावलं.

जिंतूरकर
आमचा सोलर पंप उन्हाळ्यात दुपारी दम टाकतो. सूर्याचं तापमान वाढलं म्हणून का?

गोदाकाठचा_म्हातारा
नाही हो. पॅनेल तापलं की वीज कमी देतं. वेगळा धागा काढा, तिथं बोलू.

औसेकर_मास्तर
कॅल्क्युलेटरवर करून बघितलं, तंतोतंत आलं! मग तेरणाकाठ म्हणतात ते, सूर्याचा संथपणा टनेलिंगमुळंच ना?

गोदाकाठचा_म्हातारा
काही अंशी. हे बघा: गाभ्यातल्या एका प्रोटॉनला दुसऱ्या प्रोटॉनशी जुळायला सरासरी अब्जावधी वर्षं लागतात. जुळून ड्यूटेरियम झालं की त्याला पुढचा प्रोटॉन मात्र काही सेकंदांत मिळतो. दोन्हीकडं भार एक आणि एकच, भिंतही जवळपास तीच. मग एवढा फरक कशाचा? पहिल्या वेळी नुसतं आत शिरून भागत नाही. त्याच क्षणी एका प्रोटॉनचा न्यूट्रॉन व्हावा लागतो. ते काम क्षीण बलाचं, आणि ते बहुतेक वेळा होतच नाही. दोघं पुन्हा वेगळे होतात. ही क्रिया इतकी दुर्मीळ, की तिचा दर प्रयोगशाळेत थेट मोजलेला नाही, गणितानंच काढलाय. पण तिच्यातून निघणारे न्यूट्रिनो इटलीतल्या बोरेक्सिनो प्रयोगानं टिपले, २०१४ साली निकाल आला.

तेरणाकाठ
मान्य. पण लहर विरते म्हणता, मग भिंतीच्या आत असताना प्रोटॉनची गतिज ऊर्जा ऋण समजायची का?

गोदाकाठचा_म्हातारा
आत असताना मोजायला गेलात तर मोजणीच त्याला ऊर्जा देऊन बसते. म्हणून मी तो प्रश्नच चुकीचा मानतो. आमच्या विभागातले एक सर मात्र ऋणच म्हणायचे, आणि आमचं शेवटपर्यंत पटलं नाही.

औसेकर_मास्तर
पोरगी उद्या हेच विचारणार बघा.