अनुभव धागा: ब्रिजवरची शिट्टी पूर्ण बंद का होत नाही?

रंकाळ्याकाठी
भाचीची बी.एस्सी.ची प्रॅक्टिकलची वही चाळत होतो. कपॅसिटरचा ब्रिज दिसला आणि हेडफोनमधली ती बारीक पींऽऽ शिट्टी परत कानात वाजली. तिच्या वहीत Cx दिलाय, लॉसचा रकाना मात्र कोरा. बाजूला पेन्सिलीनं लिहिलंय, ‘आवाज पूर्ण बंद होत नाही.’ अगदी खरं निरीक्षण, आणि त्याच्यावरच मार्क कापलेत!

जोडणी अशी. R1 आणि R2 जिथं मिळतात तिथं ऑसिलेटरचं एक टोक. माहितीतला Cs आणि त्याच्याबरोबर सिरीजमध्ये छोटी पेटी Rs, ही R1 च्या पुढं. अनोळखी Cx हा R2 च्या पुढं. दोन्ही कपॅसिटर जिथं मिळतात तिथं ऑसिलेटरचं दुसरं टोक. हेडफोन मधल्या दोन बिंदूंना. बॅलन्स झाला की

```
Cx = Cs * R1 / R2
rx = Rs * R2 / R1
```

कुणाकुणाला हा आवाज कसा बंद करता आला आणि कुठं अडकलात, ते लिहा. आकड्यांसकट लिहिलंत तर बरं.

प्रॅक्टिकलवाली
आकडे घ्या. Cs ०.१ मायक्रोफॅरड, R2 १००० ओहम, १ किलोहर्ट्झ. Cx म्हणून ०.२२ छापलेला पॉलिएस्टर.

आधी Rs शून्य ठेवायचा आणि फक्त R1 फिरवायचा. २१८० च्या आसपास आवाज कमी होतो, पण तळ बोथट असतो. १०-१२ ओहम इकडं-तिकडं केलं तरी कानाला फरक कळत नाही. इथंच पोरं थांबतात. आता R1 ला हात न लावता Rs एकेक ओहमनं वाढवा. ८-९ वर आवाज खोल जातो. परत R1. आता २-३ ओहमचासुद्धा फरक कळतो. परत Rs. तीन-चार फेऱ्यांत गप्प.

शेवटी R1 = २१८०, Rs = ९. म्हणजे Cx = ०.२१८ मायक्रोफॅरड, rx = ४.१३ ओहम. लॉस फॅक्टर ω·Cs·Rs नं थेट निघतो, ०.००५७. पॉलिएस्टरला शोभेल असाच आहे. सुरुवातीला ऑसिलेटर बारीक ठेवा, तळ जवळ आला की वाढवा. उलटं केलं तर कान बसतो.

तांबडा_पांढरा
एवढा उपद्व्याप कशाला भावा? मल्टिमीटर मेगओहमवर लावायचा, लीकेज दिसतंय की. लॉस म्हणजे लीकेजच.

प्रॅक्टिकलवाली
@तांबडा_पांढरा अर्धं बरोबर. लीकेज हा लॉसचा एक भाग आहे, पण चांगल्या कपॅसिटरमध्ये तो किरकोळ. वरचा ४.१३ ओहम सिरीजमधला आहे. तोच लॉस कपॅसिटरला समांतर मांडला तर १ किलोहर्ट्झला सुमारे १२९ किलोओहम येतो. तुमचा मल्टिमीटर त्याच तुकड्याला ‘ओपन’ म्हणेल, कारण तो डीसीवर मोजतोय. डायलेक्ट्रिक एसीमध्ये दर सायकलला जी ऊर्जा खातं ती डीसीला दिसतच नाही.

तांबडा_पांढरा
हां. म्हणजे १२९ के शोधत बसलो असतो तर जन्मात सापडला नसता 😄

शिरोली_शिफ्ट
हेडफोन आता कुठं मिळतात? सगळीकडं सीआरओ लावतात आणि तिथंच घात होतो. शिफ्ट सुटायला अर्धा तास आहे, लिहूनच टाकतो.

ऑसिलेटरचा काळा क्लिप आतून अर्थला. सीआरओच्या प्रोबचा काळा क्लिपसुद्धा अर्थला. ऑसिलेटरचा काळा दोन कपॅसिटरच्या जोडावर असेल आणि सीआरओचा काळा R2-Cx च्या जोडावर लावला, तर Cx दोन्ही टोकांनी अर्थवर. अख्खी एक भुजा शॉर्ट! स्क्रीनवर साइन वेव्ह छान दिसते म्हणून कुणाला संशय येत नाही. R1 फिरवला की ती सावकाश एकाच दिशेनं लहान-मोठी होत राहते, तळ म्हणून येतच नाही.

ओळखायची सोपी खूण म्हणजे Cx उपटून काढा. स्क्रीनवर काहीच हललं नाही तर ब्रिज नाहीच, नुसता डिव्हायडर बघताय.

उपाय दोन. जुन्या ट्रान्झिस्टर रेडिओतला छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर ऑसिलेटर आणि ब्रिजच्या मधे घाला, म्हणजे ब्रिज अर्थपासून सुटतो. नाहीतर सीआरओचे दोन्ही चॅनल वापरा. एक प्रोब एका जोडावर, दुसरा दुसऱ्यावर, दोन्हींचे काळे क्लिप ऑसिलेटरच्या काळ्याबरोबर. दुसरा चॅनल इन्व्हर्ट, मग अ‍ॅड, व्होल्ट्स पर डिव्हिजन दोन्हीकडं सारखं. त्याआधी दोन्ही प्रोब एकाच बिंदूला लावून बघा. तिथं जे उरतंय ते सीआरओचं पाप, ब्रिजचं नव्हे.

घडीचा_पंखा
विषय निघालाय तर विचारते. आमचा पंखा हळू फिरतोय, २.५ मायक्रोफॅरड लिहिलंय कपॅसिटरवर. या ब्रिजवर कळेल का गेलाय की नाही?

शिरोली_शिफ्ट
ताई, त्याला ब्रिज नको. मेन स्विच बंद, कपॅसिटर सोडवा, रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, मग कपॅसिटन्सवाला मल्टिमीटर लावा. २ च्या खाली आला असेल तर बदला. जमत नसेल तर वायरमनला बोलवा.

घडीचा_पंखा
१.६ दाखवतोय (मिस्टरांनी मोजला). गेला म्हणायचा. धन्यवाद, तुमचं चालू द्या 🙏

ओहम_शांती
पंख्याचा कपॅसिटर ब्रिजवर लावायचाच असेल तर मजा बघा. R2 १०० ठेवा, २.५ साठी R1 २५०० च्या जवळ येईल, Cx आरामात मिळेल. पण हे पॉलिप्रॉपिलीन. लॉस फॅक्टर ०.००१ धरला तरी Rs फक्त १.६ ओहम लागतो आणि rx निघतो ०.०६४ ओहम. मगरीच्या क्लिपचा आणि वायरीचाच रेझिस्टन्स त्याच्याएवढा. क्लिप जरा दाबला की उत्तर बदलतं. अशा ठिकाणी हा ब्रिज rx बद्दल जे सांगतो ते क्लिपबद्दल असतं.

किरणोत्सव
फॉर्म्युल्यात फ्रिक्वेन्सीच नाही. मग ऑसिलेटर कशाला, मेन्सवरून ६ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावून ५० हर्ट्झवर करा की.

ओहम_शांती
@किरणोत्सव फॉर्म्युल्यात नाही, कपॅसिटरमध्ये आहे. दोन अडचणी. ५० हर्ट्झला ०.२१८ मायक्रोफॅरडची रिॲक्टन्स साडेचौदा किलोओहमच्या वर जाते आणि तुमचे R1, R2 एक-दोन हजाराचे. जवळजवळ सगळं व्होल्टेज कपॅसिटरवरच पडतं, मधल्या बिंदूंमधला फरक इवलासा. १ किलोहर्ट्झला तीच ७३० ओहम होते, R2 च्या पंगतीत बसते. शिवाय कानालाही ५० पेक्षा हजाराचा सूर कितीतरी चांगला ऐकू येतो.

दुसरी जास्त गमतीची. rx हा खरा रेझिस्टर नव्हे. पॉलिएस्टर, कागद यांचा लॉस फॅक्टर फ्रिक्वेन्सीबरोबर फारसा बदलत नाही, म्हणजे rx मात्र फ्रिक्वेन्सी दुप्पट झाली की साधारण निम्मा होतो. Rs तर आहे तिथंच. त्यामुळं १००० ला बॅलन्स झाला तरी २००० आणि ३००० ला नाही. ऑसिलेटर अशुद्ध असेल तर मूळ सूर जातो आणि वरच्या पट्टीतली बारीक शिट्टी मागं राहते. भाचीला बहुतेक तीच ऐकू आली.

रंकाळ्याकाठी
अरे वा. म्हणजे ‘पूर्ण बंद होत नाही’ हेच बरोबर उत्तर होतं!

प्रॅक्टिकलवाली
असेलच असं नाही. आधी सूर ओळखायचा. उरलेला आवाज त्याच पट्टीतला असेल तर Rs अजून बसलेला नाही. वरच्या पट्टीतला असेल तर हार्मोनिक. जाडा घुंऽऽ असेल तर मेन्सचा हम, ऑसिलेटर बंद केला तरी तो राहतो. वहीत फक्त ‘आवाज’ लिहिलंय, त्यावरून कसं सांगणार?

पावसाळी_लॅब
आमच्याकडं आत्ता जुलैत rx उणे येतोय. Rs शून्यावर नेला तरी आवाज Rs अजून कमी करा म्हणतोय. पोरं विचारतात, मॅडम, रेझिस्टन्स उणे कसा? म्हणून छोटी पेटी Cs कडून काढून Cx बरोबर लावली, तिथं ३ ओहमवर मस्त गप्प झाला. R1 २२००, R2 १०००. आता rx काय लिहायचा?

ओहम_शांती
तुमचा Cs च Cx पेक्षा जास्त लॉसी आहे. पूर्ण अट अशी:

```
rx + r = (Rs + rs) * R2 / R1
```

rs म्हणजे Cs च्या पोटातला, r म्हणजे तुम्ही Cx कडं घातलेला. तुम्ही rs शून्य धरलात म्हणून rx −३ आला. rx उणे असूच शकत नाही, म्हणजे rs निदान ३ × २.२ = ६.६ ओहम तरी आहे. कोल्हापूरच्या पावसात कपाटातली जुनी कपॅसिटर पेटी दमट होते, प्लगांच्या मधल्या एबोनाइटवरूनसुद्धा गळती होते. कोरड्या कापडानं पुसा, रात्रभर बल्ब लावून ठेवा, परत बघा.

पावसाळी_लॅब
पुसली. ३ चा १.५ झाला! पण अजून त्याच बाजूला आहे. मग rs कळणार कसा?

ओहम_शांती
Cx च्या जागी तेवढ्याच किमतीचा चांगला पॉलिस्टायरीन लावा आणि परत बॅलन्स करा. त्याचा स्वतःचा लॉस इतका कमी की जे लागेल ते जवळपास सगळं rs च्या नावावर. मग तो काढून तुमचा Cx लावा. दोन्ही वेळच्या r मधला फरक म्हणजे rx. R1, R2 आणि वायरीच्या चुकाही या फरकात बऱ्याचशा जातात.

शिरोली_शिफ्ट
यापेक्षा शेरिंग लावा, एवढ्या कमी लॉसला तोच.

ओहम_शांती
शेरिंगलाही शुद्ध स्टँडर्ड लागतोच की. पेटी दमट असेल तर तिथंही हेच रडगाणं.

शिरोली_शिफ्ट
तिथं स्टँडर्ड गॅसचा किंवा हवेचा असतो, पेटी नसते. फरक आहे.

ओहम_शांती
हवेचा ०.१ मायक्रोफॅरड कपाटात मावेल का ते सांगा आधी 😄

किरणोत्सव
हेडफोनची वायर हातात धरली की आवाज बदलतो, हे कुणाच्या बाबतीत होतं का? टेबलावर ठेवला की बॅलन्स, उचलला की परत शिट्टी.

प्रॅक्टिकलवाली
होतं. हेडफोन आणि अर्थ यांच्यात तुमच्या अंगामुळं काही पिकोफॅरड लागतात. ०.१ मायक्रोफॅरडला त्यानं Cx फारसा हलत नाही, पण Rs बघा, ओहम-दोन ओहम सरकतो का. सरकला तर त्या rx वर विश्वास नको. Cx काहीशे पिकोफॅरडचा असेल तर वॅग्नर अर्थ लावल्याशिवाय बसूच नका.

पावसाळी_लॅब
पॉलिस्टायरीन २२०० पिकोफॅरडचे आहेत फक्त. ०.२२ चा कुठं मिळेल? शाहूपुरीत विचारलं, नाही म्हणाले.

तांबडा_पांढरा
शंभर समांतर लावा, ०.२२ झाला 😂

ओहम_शांती
हसू नका, चालेल. सारख्या लॉसचे समांतर लावले तर लॉस फॅक्टर तोच राहतो. फक्त शंभर सोल्डर कोण मारणार? पॉलिप्रॉपिलीनचा ०.२२ मिळतोय का बघा, तोही इथं पुरेल.

पावसाळी_लॅब
लाइट गेली. उद्या लावून आकडे टाकते.