आठला आडवं होऊ नका
"उद्या जळगावला मुलाखत आहे, चोपड्याहून सकाळी सहाची बस. रोज अकराला झोपते, आज आठलाच झोपू का?"

आठला नको, ताई. नेहमीच्या झोपेआधीचे दोन-तीन तास शरीर उलट जास्तच जागं असतं. तेव्हा पडलात तर नुसती कूस बदलत राहाल आणि धास्ती वाढेल. साडेदहाला पडा. त्याआधी उद्याची कामं कागदावर उतरवा: मूळ प्रमाणपत्रं, सुट्टे पैसे, दोन गजर. लिहून काढलं की डोक्यात कमी घोळतं. वीसेक मिनिटांत डोळा लागला नाहीच, तर उठून गच्चीवर बसा (आपल्याकडे मे महिन्यात खोलीपेक्षा तीच बरी), पेंग आली की परत या. मोबाईल खालीच. झोपेची गोळी पहिल्यांदा आज नको, सकाळी गुंगी राहू शकते.