मदत हवी आहे: ४५० रुपये कमिशनवर ५४७ रुपये जीएसटी? फॉरेक्सची पावती कशी वाचायची?

पावतीपीडित
युरो घेतले. जाहिरातीत "नाममात्र कमिशन" लिहिलं होतं. कमिशन ४५० लावलंय, ते ठीक. पण खाली सीजीएसटी २७३.५६ आणि एसजीएसटी २७३.५६, म्हणजे ५४७.१२! जीएसटी १८ टक्के असतो ना? ४५० चे १८ टक्के ८१ होतात. काउंटरवरचा माणूस म्हणतो, "सिस्टीमच काढते." तक्रार कुठे करायची तेवढं सांगा, लवकर.

गिरगावकर
किती युरो? कार्डवर की नोटा? बिलं किती? दर काय लावला? काहीच न सांगता तक्रार कुठे ते कसं सांगणार?

चिंतातुर जंतू
टीसीएस, म्हणजे विक्रीच्या वेळीच घेतलेला आगाऊ प्राप्तिकर, कापला असेल. परदेशप्रवासावर २० टक्के आहे हल्ली. सीएला विचारा, रिटर्नमध्ये परत मिळतो.

गिरगावकर
पावतीवर सीजीएसटी-एसजीएसटी लिहिलंय, टीसीएस कुठून काढलात? १ एप्रिल २०२५ पासून एका आर्थिक वर्षात एका पॅनवर १० लाखांच्या वर गेलं तरच तो लागतो, आणि ही मर्यादा सगळ्या विक्रेत्यांकडची रक्कम मिळून धरतात. तो लागला असता तर आकडा शेकड्यांत नसता आणि पावतीवर त्याची वेगळी ओळ असती.

पावतीपीडित
कार्डवर ३,००० युरो, दर १०४.१०. नोटा ५०० युरो, दर १०५.६०. एकूण भरले ३,६६,०९७. कमिशनमध्ये कार्डाचे ३०० आणि नोटांचे १५०. एकाच वेळी, एकाच काउंटरवर घेतलं. आता सांगा.

हिशेबनीस
यात लूट नाही. म्हणजे करात तरी नाही, दराचं नंतर बघू. तुमच्या पावतीवर दोन वेगळे जीएसटी एका ओळीत मिसळले आहेत. एक कमिशनवरचा, सरळ १८ टक्के: ४५० वर ८१. दुसरा चलन बदलून देण्याच्या सेवेवरचा. या सेवेची फी पावतीवर कुठे लिहिलेली नसते, कारण ती दरात दडलेली असते. म्हणून कायदा एक मानीव किंमत धरतो आणि तिच्यावर १८ टक्के लावतो.

मानीव किंमत अशी काढतात: रुपयांतली रक्कम १ लाखापर्यंत असेल तर तिचा १ टक्का, पण किमान २५० रुपये. १ लाख ते १० लाखांपर्यंत १,००० रुपये अधिक १ लाखावरच्या रकमेचा अर्धा टक्का. त्यापुढचा टप्पा तुम्हाला लागत नाही, सोडून देतो.

तुमचं कार्ड: ३,००० × १०४.१० = ३,१२,३००. म्हणजे १,००० + २,१२,३०० चा अर्धा टक्का १,०६१.५०, मिळून २,०६१.५०. त्याचे १८ टक्के ३७१.०७.
नोटा: ५०० × १०५.६० = ५२,८००. १ टक्का ५२८, त्याचे १८ टक्के ९५.०४.
दोन्ही मिळून ४६६.११, त्यात कमिशनवरचे ८१, एकूण ५४७.११. एक पैसा जास्त दिसतो, तो सीजीएसटी आणि एसजीएसटी वेगवेगळे जवळच्या पैशापर्यंत नेल्यामुळे.

मंदार_पुणे
चूक. जीएसटी मार्जिनवर लागतो. विक्रेत्याचा दर आणि रिझर्व्ह बँकेचा संदर्भ दर यांतल्या फरकावर १८ टक्के. टप्पेबिप्पे बँकांसाठी.

हिशेबनीस
मंदारराव, तुम्ही म्हणता ती पद्धतही नियमात आहे, पण ती एकमेव नाही. विक्रेत्याला टप्प्यांची पद्धतही निवडता येते, आणि एकदा निवडली की त्या आर्थिक वर्षात बदलता येत नाही. ती बँकांपुरती नाही, मनी चेंजरलाही खुली आहे. पावतीवर टप्प्यांचे आकडे पैशापर्यंत जुळताहेत, म्हणजे यांनी तीच घेतलीय.

मंदार_पुणे
मग ग्राहकाने मार्जिनवाली मागावी की. पारदर्शक तरी आहे.

हिशेबनीस
निवड ग्राहकाची नाही. आणि मागून बघा काय होतं ते. संदर्भ दर किती होता, पावतीपीडित? विकत घेतलं तो वार कोणता?

पावतीपीडित
शनिवारी दुपारी. गुगलवर १०२ च्या आसपास दिसत होता.

गिरगावकर
गुगल सोडा. रिझर्व्ह बँकेचा म्हणतात तो संदर्भ दर आता एफबीआयएल ही संस्था काढते; तिच्या साइटवर डॉलर, युरो, पौंड आणि येनचे दर कामाच्या दिवशी दुपारी लागतात. येनचा दर १०० येनमागे असतो, तिथे लोक हमखास फसतात. शनिवारी दर निघत नाही, त्यामुळे शुक्रवारचा बघा.

पावतीपीडित
शुक्रवारचा १०२.२०.

हिशेबनीस
आता खरा खर्च दिसेल. कार्डावर युरोमागे १.९० जास्त, म्हणजे ५,७००. नोटांवर ३.४० जास्त, म्हणजे १,७००. एकूण ७,४०० रुपये दरात गेले. तुम्ही ५४७ वर भांडताय आणि ७,४०० कडे बघतही नाही आहात.

पडताळा घ्या: ३,५०० युरो संदर्भ दराने ३,५७,७००. त्यात मार्जिन ७,४००, कमिशन ४५०, जीएसटी ५४७.१२ मिळवले की ३,६६,०९७.१२ येतात, राउंड ऑफ करून ३,६६,०९७. तुम्ही भरलेला आकडा तोच. एक रुपयाही बेपत्ता नाही. सगळा खर्च धरून तुम्हाला युरो १०४.६० ला पडला, संदर्भ दरापेक्षा सुमारे २.३५ टक्के महाग.

आणि मंदाररावांच्या पद्धतीने ७,४०० चे १८ टक्के १,३३२ झाले असते. टप्प्यांनी ४६६.११.

मंदार_पुणे
बरं, विक्रेत्याने यात ग्राहकाचा फायदा केला असं म्हणा हवं तर. तरी शुक्रवारच्या दराशी शनिवारच्या व्यवहाराची तुलना करून ७,४०० सगळं "मार्जिन" म्हणणं बरोबर नाही. बाजार बंद असतो. सोमवारी युरो वर उघडला तर विक्रेत्याच्या अंगावर येतं, म्हणून तो शनिवारी दर ताणून ठेवतो.

हिशेबनीस
हे मात्र मान्य. त्यातला किती भाग जोखमीचा आणि किती नफ्याचा, हे पावतीवरून सांगता येणार नाही. पण ग्राहकाच्या खिशातून गेले ते गेलेच, म्हणून तुलनेला आकडा हाच धरायचा. शनिवारी घेतलं नसतं तर किती वाचलं असतं, ते बघायचं असेल तर त्याच विक्रेत्याचा मंगळवार-बुधवारचा दर आणि त्या दिवशीचा संदर्भ दर यांतला फरक काढा.

सोनचाफा
नोटांचा दर कार्डापेक्षा दीड रुपयाने जास्त, ते का? माझ्याही पावतीवर असंच आहे.

गिरगावकर
नोटा बाहेरून आणाव्या लागतात, विमा, तिजोरी, बनावट नोटांची तपासणी. कार्डावर फक्त नोंद होते. सगळीकडेच असा फरक असतो. तो किती असावा याला मात्र बंधन नाही, म्हणून नोटांसाठी दोन-तीन ठिकाणी दर विचारावा.

उनाड_भटक्या
मुळात फॉरेक्स कार्ड घेतलंतच कशाला? शून्य मार्कअपचं क्रेडिट कार्ड घ्या. तिकडे दुकानात मशीन विचारेल "रुपयांत की युरोत?" तर युरोच दाबा, नाहीतर दुकानदाराची बँक आपला दर लावते.

गिरगावकर
सल्ला चांगला आहे, पण पैसे देऊन झालेत. प्रश्न पावतीचा आहे.

शेंडेफळ
मी उरलेले १२० पौंड ११२ ने विकले, १३,४४० आले. त्यातून ४५ रुपये जीएसटी कापला. मी विकणारा, मला कर का? आणि १ टक्का १३४ येतो, त्याचे १८ टक्के २४ होतात, ४५ कसे?

हिशेबनीस
तुम्ही विकलंत तरी चलन बदलून देण्याची सेवा विक्रेत्यानेच दिली, म्हणून कर तुमच्याकडून. आणि मानीव किंमत किमान २५० धरायची असते, त्याचे १८ टक्के ४५. थोडक्यात, २५,००० रुपयांपर्यंतच्या कोणत्याही खरेदी-विक्रीवर ४५ ठरलेले. म्हणून थोडे-थोडे चार वेळा विकू नका, चारदा ४५ जातील.

पावतीपीडित
मग माझं कार्ड आणि नोटा एकत्र धरल्या असत्या तर?

हिशेबनीस
चांगला प्रश्न. ३,६५,१०० ची एकच रक्कम धरली तर १,००० + १,३२५.५० = २,३२५.५०, त्याचे १८ टक्के ४१८.५९. तुम्ही ४६६.११ दिले. म्हणजे ४७.५२ जास्त, कारण नोटांचे ५२,८०० पुन्हा पहिल्या टप्प्यात, १ टक्क्याने मोजले गेले. एकत्र धरले असते तर त्यांना अर्धा टक्का लागला असता.

मंदार_पुणे
दोन वेगळी उत्पादनं, दोन दर, दोन व्यवहार. त्यांनी वेगळं मोजलं ते योग्यच.

हिशेबनीस
असं म्हणायला आधार आहे. पण एकाच वेळी, एकाच माणसाला, एकच चलन दिलं, म्हणून हा एकच व्यवहार असंही म्हणता येईल. बिल एक आहे की दोन?

पावतीपीडित
क्रमांक दोन, स्टेपल करून दिलेत. कर आणि एकूण रक्कम मात्र दुसऱ्याच कागदावर एकत्र आहे.

मंदार_पुणे
म्हणजे दोन बिलं. संपलं.

हिशेबनीस
विक्रेत्याने दोन क्रमांक दिले म्हणून व्यवहार दोन होतात, हे मला पटत नाही. ४७ रुपयांसाठी भांडायचं का, ते तुम्ही ठरवा. विचारायचंच असेल तर शाखेला एकच विचारा: कमिशनवरचा जीएसटी आणि चलन बदलण्यावरचा जीएसटी वेगळ्या ओळींत, प्रत्येकाच्या मानीव किमतीसह, लिहून द्या. ८१, ३७१.०७ आणि ९५.०४ आले तर करात दुसरी भानगड नाही.

पावतीपीडित
फोन केला. आकडे तेच सांगितले. दोन बिलांबद्दल "सिस्टीम तशीच आहे." कमिशन परत मागता येईल का?

गिरगावकर
पावती फाडल्यावर नाही. कमिशन आणि दर दोन्हींवर आधी घासाघीस होते, कर मात्र ठरलेला असतो. कमिशन शून्य करून दर २० पैशांनी वाढवला तर तुमच्या ३,५०० युरोंवर त्यांनी ७०० परत घेतले, हे ध्यानात ठेवून विचारा. "सगळं धरून किती रुपये?" हा एकच आकडा आधी लेखी घ्या.

उनाड_भटक्या
थाई बातचा संदर्भ दर कुठे मिळतो? पुढच्या महिन्यात जातोय.

गिरगावकर
त्या चार चलनांत बात नाही. आणि धागा भरकटतोय, वेगळा काढा.