मदत हवी आहे: डावीकडे सरकवलं की संख्या दुप्पट होते हे माहीत आहे, पण माझा सेन्सर `-2048` का दाखवतोय?

ओंकार_तासगाव

नमस्कार. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, तिथल्या खोलीचं तापमान बाहेर ऑफिसात दिसावं म्हणून `DS18B20` सेन्सर आणि आर्डुइनो उनो घेऊन एक डिस्प्ले करतोय. तयार लायब्ररी आहे हे माहीत आहे, पण सेन्सरकडून येणारे दोन बाइट मलाच जोडून बघायचे होते, म्हणून तेवढा भाग हाताने लिहिला:

```cpp
byte lo = data[0];
byte hi = data[1];
int raw = hi << 8 + lo;
float t = raw / 16.0;
```

घरी पातेल्यात पाणी घेतलं, त्यात सेन्सर सोडला आणि पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं. सुरुवातीला बराच वेळ `0.06` येत होतं, मग `0.00`. पाणी गार होत गेलं तसं अचानक पुढचे आकडे आले. प्रत्येक आकडा काही वेळ टिकायचा आणि मग बदलायचा:

```
-2048.00
1024.00
512.00
256.00
128.00
64.00
32.00
16.00
0.00
```

त्यानंतर रात्रभर `0.00`. सेन्सर बदलून पाहिला, दुसराही हेच करतो. आकडे निम्मे निम्मे होत उतरतात म्हणजे हा `<<` चाच काहीतरी प्रकार आहे एवढं कळतंय, पण मी तर फक्त ८ घरंच सरकवलंय.

आणि एक मूळ शंका. डावीकडे सरकवल्यावर दुप्पट का होतं? सरांना विचारलं तर म्हणाले, पाठ कर. पाठ आहे, पण पटलेलं नाही.

पाना_पक्कड

उनोवर `int` सोळाच बिटांचा असतो. त्यात ३२७६७ च्या वर आकडा मावत नाही, म्हणून तुझं उणे येतंय. `raw` ला `long` कर, प्रश्न मिटेल.

ओंकार_तासगाव

दादा, केलं. `long raw = hi << 8 + lo;` असं लिहिलं. काहीच फरक नाही, तेच `-2048.00`.

वसंत_पोल्ट्री

माझ्या शेडमध्ये हाच सेन्सर आहे आणि तो मधूनच ८५ अंश दाखवतो. पिल्लं ठेवलेली शेड, ८५ वाचून पोटात गोळा आला होता. तुमचाही सेन्सरच नकली असणार. बाजारात नकली माल फार आहे.

मंजिरी_फर्मवेअर

वसंतराव, ८५ चं कारण वेगळं आहे. वीज मिळाल्याबरोबर या सेन्सरच्या आत ८५ हाच आकडा भरलेला असतो. तापमान मोजून व्हायला १२ बिटांवर ७५० मिलिसेकंद लागू शकतात. तेवढं न थांबता वाचलं, किंवा मधेच वीज डगमगून सेन्सर नव्याने सुरू झाला, तर तो ८५ च हातात देतो. वाचण्याआधी थांबता का ते बघा आणि लांब वायरचे जोड तपासा. शेडमध्ये बहुतेक दुसरं कारण निघेल.

ओंकार, `raw` काढायच्या आधी `hi` आणि `lo` वेगवेगळे छापून दे. `-2048` दिसतं त्या वेळचे हवेत.

ओंकार_तासगाव

ताई, पातेलं पुन्हा ठेवलं. `-2048.00` असताना `hi` १ आणि `lo` ७. `1024.00` ला `lo` ६, `512.00` ला ५. असं उतरत `16.00` ला `lo` शून्य. त्यानंतर `hi` शून्य झाला.

मंजिरी_फर्मवेअर

सापडलं. सेन्सर उत्तम आहे. सी भाषेत बेरीज `<<` च्या आधी होते. तू लिहिलंस `hi << 8 + lo`, कंपायलरने वाचलं `hi << (8 + lo)`. म्हणजे `lo` जोडला गेलाच नाही, किती घरं सरकायचं ते तो ठरवायला लागला.

आता तुझेच आकडे लाव. `lo` शून्य असताना १ आठ घरं सरकला, २५६ झाला, त्याला १६ ने भागलं की १६.००. पाणी त्या क्षणी खरोखरच १६ अंशांवर होतं. सगळ्या यादीत बरोबर आलेला आकडा तेवढा एकच. `lo` १ असताना खरं तापमान १६.०६२५, पण कोडने १ नऊ घरं सरकवला: ५१२, भागिले १६, म्हणजे ३२. सेन्सरची एक पायरी ०.०६२५ अंशाची आहे, आणि त्या प्रत्येक पायरीला तुझं उत्तर दुप्पट होत होतं. पाणी गार होत होतं म्हणून तुला ते उलट, निम्मं होताना दिसलं.

`lo` ७ ला १ पंधरा घरं सरकला आणि सोळा बिटांच्या अगदी डावीकडच्या घरात जाऊन बसला. `int` मध्ये त्या घराची किंमत उणे ३२७६८ धरतात, आणि -३२७६८ भागिले १६ म्हणजे -२०४८. तिथे उणे का येतं हे पाना_पक्कड यांनी बरोबर ओळखलं. पण `long` करून उपयोग होत नाही, कारण उजव्या बाजूचं सरकवणं `int` मध्येच उरकतं आणि बिघडलेलं उत्तर मग मोठ्या डब्यात पडतं. तसंही इथे मोठा डबा लागतच नाही. हा सेन्सर १२५ अंशांपर्यंत मोजतो, तेव्हाही `raw` २००० च असतो.

दुरुस्ती:

```cpp
int raw = (hi << 8) | lo;
```

गौरव_नगर

मी लॅपटॉपवर पायथॉनमध्ये `1 << 8 + 145` करून पाहिलं. सत्तेचाळीस आकडी संख्या आली, उणे वगैरे काही नाही. मग सोळा बिटांचं हे गणित खरं कसं?

मंजिरी_फर्मवेअर

गौरव, पायथॉन संख्येला लागेल तेवढी जागा वाढवत जातो, त्यामुळे डावीकडची कड कधी येतच नाही. उनोमध्ये घरं सोळाच. कंसाची चूक मात्र तुझ्याकडेही तीच आहे, पायथॉनमध्येही बेरीज आधी होते.

नलिनी_गणित

मला आर्डुइनोतलं काही कळत नाही, मी शाळेत गणित शिकवत होते. पण दुप्पट का होतं हे पाठ करायला सांगावं याचं वाईट वाटलं, म्हणून लिहिते.

ओंकार, तू दुसरीत एकक, दशक, शतक शिकलास. ४७ च्या पुढे शून्य लिहिलं की ४७० होतात. का? शून्यात काही जादू नाही. ७ एककाच्या घरातून दशकाच्या घरात गेला, ४ दशकातून शतकात. प्रत्येक अंक दहापट किमतीच्या घरात राहायला गेला, म्हणून सगळी संख्या दहापट झाली.

द्विमान पद्धतीत घरांच्या किमती उजवीकडून १, २, ४, ८, १६ अशा असतात. १३ घे. ते `1101`, म्हणजे ८ अधिक ४ अधिक १. एक घर डावीकडे सरकव: `11010`. आठातला १६ मध्ये गेला, चारातला ८ मध्ये, एकातला २ मध्ये. बेरीज २६. डावीकडचं घर शेजारच्यापेक्षा नेहमी दुप्पट किमतीचं, म्हणून तिथे जाणारा प्रत्येकजण दुप्पट होतो आणि बेरीजही दुप्पटच होते. आठ वेळा सरकवलंस की आठ वेळा दुप्पट, म्हणजे २५६ पट. संख्या कोणतीही घे, दुप्पट होणारच.

मंजिरी_फर्मवेअर

नलिनीताई, फार छान सांगितलंत. शेवटच्या वाक्याला यंत्रात एक अट लागते. कागदावर डावीकडे हवी तेवढी घरं काढता येतात, यंत्रात मोजकीच. आठ घरांच्या बाइटमध्ये २०० म्हणजे `11001000`. सरकवून पुन्हा बाइटमध्येच ठेवलं तर डावीकडचा १ बाहेर पडतो, उरतं `10010000`, म्हणजे १४४. हवे होते ४००. पडलेल्या घराची किंमत २५६ तेवढी गेली.

नलिनी_गणित

अच्छा, म्हणजे घड्याळासारखं. बारानंतर पुन्हा एक. हे मला नवीन आहे.

ओंकार_तासगाव

चाललं!! पातेल्यात बर्फ टाकला, `0.19` वर स्थिर आहे. एक उदाहरण हातानेही केलं: `hi` १, `lo` १४५. १ चे २५६ झाले, १४५ मिळवून ४०१, भागिले १६ म्हणजे २५.०६. पटलं एकदम.

पण ताई, `(hi << 8) + lo` असं कंस घालून केलं तरी हेच उत्तर येतंय. मग `|` कशाला?

मंजिरी_फर्मवेअर

इथे दोन्ही सारखेच. `hi` आठ घरं सरकल्यावर उजवीकडची आठ घरं रिकामी होतात, आणि `lo` नेमका तेवढ्याच घरांत बसतो. एकाच घरात दोन १ कधी येत नाहीत, त्यामुळे हातचा येत नाही, आणि हातचा नसेल तर बेरीज आणि `|` यांत फरक राहत नाही. मी `|` लिहिते कारण वाचणाऱ्याला कळतं की इथे दोन तुकडे शेजारी शेजारी ठेवलेत. शिवाय `|` चा नंबर `<<` च्या नंतर लागतो, त्यामुळे कंस विसरला तरी उत्तर बिघडत नाही. तुझी चूक `+` मुळेच झाली.

आणि आर्डुइनोच्या प्रेफरन्सेसमध्ये कंपायलर वॉर्निंग्ज बंद असतात, त्या `All` वर कर. अशा ओळीवर कंपायलर स्वतःच कंस घालायला सुचवतो.

पाना_पक्कड

`long` चं माझं चुकलं, मान्य. पण आता `/ 16.0` ऐवजी `>> 4` वापर, तेच काम लवकर होतं. डावीकडे दुप्पट तर उजवीकडे निम्मं.

मंजिरी_फर्मवेअर

त्याने अपूर्णांक जाईल. `>> 4` मध्ये उजवीकडचे चार बिट पडून जातात, आणि अंशाखालचा सगळा भाग त्याच चार बिटांत असतो. ४.७५ अंशाचे ४ दिसतील. शून्याखाली तर आणखी गोंधळ: -०.५ अंशाला `raw` -८ असतो. `-8 / 16` चं उत्तर ०, पण `-8 >> 4` चं उनोवर -१. उजवीकडे सरकवणं नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातं, भागाकार शून्याकडे. सेकंदाला एकदा मोजायचंय, तिथे भागाकाराचा वेळ वाचवून काही मिळणार नाही.

ओंकार_तासगाव

`16.0` च ठेवतो. काका ४.२ आणि ४.८ यातला फरक विचारतात.

एकच राहिलं. सुरुवातीला खोलीच्या तापमानाला `0.06` येत होतं, ते कुठून? तेव्हा `lo` शंभराच्या वर होता, म्हणजे शंभरपेक्षा जास्त घरं सरकल्यावर १ केव्हाच बाहेर पडायला हवा. सगळीकडे शून्यच यायला पाहिजे ना?

मंजिरी_फर्मवेअर

१ भागिले १६ किती? ०.०६२५. म्हणजे त्या वेळी १ जागचा हललाच नव्हता. सोळा घरांच्या संख्येला सोळा किंवा जास्त घरं सरकवलं तर काय व्हावं हे सी भाषेने ठरवूनच दिलेलं नाही. उनोचा प्रोसेसर एका वेळी एकच घर सरकवतो, त्यामुळे कंपायलर तिथे मोजत फिरणारं चक्र लिहितो. मोजणारा आकडा १२८ च्या पुढे गेला की तो उणे समजला जाऊन चक्र सुरू व्हायच्या आधीच थांबत असावं. असेंब्ली उघडून पाहिल्याशिवाय मी खात्रीने म्हणणार नाही. `0.06` चं `0.00` झालं तेव्हा `lo` किती होता हे छापलेलं आहे का?

ओंकार_तासगाव

नाही, तेव्हा `hi`, `lo` छापत नव्हतो. जुनी ओळ परत घालून आज रात्री पातेलं पुन्हा ठेवतो. `lo` १२० च्या आसपास बदललं तर तुमचं बरोबर, कारण त्यात ८ मिळवायचे. उद्या आकडे टाकतो.