मदत हवी आहे: सर्व्हरच दुसऱ्याच्या हाती गेला तर आमचा अपडेटर काय करील?

कृष्णाकाठ: नमस्कार मंडळी. आम्ही चौघे मिळून पतसंस्थांसाठी हिशेबाचं सॉफ्टवेअर करतो, साधारण ६० संस्था वापरतात. प्रोग्रॅम सुरू झाला की आमच्या सर्व्हरवरून ही फाईल वाचतो:

```xml
<update>
  <version>4.2.1</version>
  <url>https://…/setup.exe</url>
  <md5>…</md5>
</update>
```

मग setup.exe उतरवून घेतो, md5 जुळला की चालवतो. परवा एका संस्थेच्या लेखापरीक्षकांनी विचारलं, "तुमचा सर्व्हर कुणी ताब्यात घेतला तर?" मला उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून झोप नीट नाही, लोकांच्या ठेवींचे हिशेब आहेत हो. काय बदलू?

सह्यकडा: md5 काढून sha256 टाका आणि कोड सायनिंगचं सर्टिफिकेट घ्या. विषय संपला.

माईची_लेक: आमच्या ऑफिसात विंडोजचं अपडेट ३५ टक्क्यांवर अडकलंय. तेही अशा हल्ल्यामुळे असेल का?

जुना_बिल्डवाला: माईची_लेक, तसं अडकण्याची कारणं बहुधा साधी असतात, डिस्क भरलेली असणं वगैरे. वेगळा धागा काढा, तिथे बघू.

कृष्णाकाठ, तुमचा md5 आणि setup.exe एकाच घरात राहतात. घरात शिरलेला चोर दोन्ही बदलील. sha256 केलं तरी तेच. उतरताना फाईल बिघडली का, एवढंच त्यातून कळतं.

२०२५ मध्ये नोटपॅड++ च्या बाबतीत नेमकं हेच झालं. त्यांच्या कोडला कुणी हात लावला नव्हता. घुसखोरी होस्टिंग कंपनीकडे झाली होती. अपडेटर "नवीन फाईल कुठे आहे?" असं विचारायचा आणि ठरावीक लोकांनाच वेगळा पत्ता मिळायचा. बाकीच्यांना खरी फाईल मिळत राहिली, म्हणून महिनोनमहिने कुणाच्या लक्षात आलं नाही. डिसेंबरमधल्या ८.८.९ पासून उतरवलेल्या इन्स्टॉलरची सही आणि सर्टिफिकेट दोन्ही तपासली जातात, जुळलं नाही तर अपडेट थांबतं.

तेव्हा सहीची किल्ली सर्व्हरवर कधीच ठेवू नका. फक्त setup.exe वर सही करूनही भागत नाही, या xml वरही करा. नाहीतर हल्लेखोर तुमचीच जुनी, भोक असलेली आवृत्ती नवीन म्हणून पुढे करील, आणि तिच्यावर तुमचीच खरी सही असेल. xml मध्ये setup.exe चा sha256 आणि मुदतीची तारीख घाला. चालू आवृत्तीपेक्षा जुनी आवृत्ती आली तर प्रोग्रॅमने नाकारावी.

सर्व्हरला न जोडलेल्या मशीनवर सही करा:

```
minisign -Sm update.xml
```

सार्वजनिक किल्ली प्रोग्रॅममध्येच बसवा, xml वाचण्याआधी सही तपासा.

सह्यकडा: पण सर्टिफिकेट असलं की विंडोज स्वतःच तपासतं ना?

जुना_बिल्डवाला: सर्टिफिकेट घ्यायलाच हवं, तिथे तुमचं बरोबर. २०२३ च्या जूनपासून किल्ली टोकनसारख्या सुरक्षित हार्डवेअरमध्येच ठेवावी लागते, तेही चांगलं. पण हे चालवून बघा:

```
Get-AuthenticodeSignature .\setup.exe
```

`Valid` आलं म्हणजे सही *कुणाची तरी* खरी आहे. ती तुमच्याच नावाची आहे का, हे अपडेटरनेच बघायचं.

कृष्णाकाठ: आता उलगडलं. दोन शंका राहतात. ही तपासणी असलेली पहिली आवृत्ती तर जुन्याच वाटेने जाणार ना? आणि किल्लीच हरवली तर?

जुना_बिल्डवाला: ६० संस्था आहेत, तर पहिली आवृत्ती जाऊन हाताने बसवा. किंवा sha256 फोनवर वाचून दाखवा, फोन तुम्हीच लावा. किल्लीसाठी प्रोग्रॅममध्ये सुरुवातीपासून दोन सार्वजनिक किल्ल्या ठेवा. दुसरीची खाजगी जोडी पेन ड्राइव्हवर बँकेच्या लॉकरमध्ये.

बंदरावरची_नोंदवही: २०१७ चं एम.ई.डॉक विसरू नका. युक्रेनमधलं कर भरण्याचं सॉफ्टवेअर, म्हणजे तुमच्यासारखंच हिशेबाचं. त्याच्या अपडेटमधून मागचं दार आधीच आत गेलं होतं, मग २७ जूनला नॉटपेट्या हे मालवेअर सुटलं. मर्स्क या जहाज कंपनीचं जाळं बंद पडलं आणि आपल्या जेएनपीटीतलं त्यांच्या समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. तिथे फाईल नुसती सर्व्हरवर बदललेली नव्हती, मागचं दार त्यांच्याच dll मध्ये होतं. सोलरविंड्समध्येही बिल्ड चालू असतानाच सोर्स फाईल बदलली गेली आणि त्यावर कंपनीचीच खरी सही झाली. अशा वेळी तुमची किल्ली विषावरच शिक्का मारील.

जुना_बिल्डवाला: खरं आहे, सही तिथे कामाची नाही. दोन वेगळ्या मशीनवर बिल्ड करून फाईल बाइट-बाइट जुळते का बघणं हा उपाय आहे, पण इन्स्टॉलरमध्ये वेळेचे शिक्के असतात, त्यामुळे सहज जुळत नाही. मला स्वतःला आमच्याकडे ते पूर्ण जमलेलं नाही. निदान बिल्डच्या मशीनवर मेल आणि ब्राउझर नको.

कृष्णाकाठ: आमचं बिल्ड माझ्याच लॅपटॉपवर होतं, ज्यावरून हे लिहितोय. उद्या कपाटातला जुना डेस्कटॉप बाहेर काढतो. वेळेचे शिक्के कुणी इनो सेटअपमध्ये जुळवले असतील तर कृपया सांगा.